मण्यांमधलं अंतर

थर्माकोलचा मणी हवेत तरंगताना दिसला की बघणाऱ्याचं सगळं लक्ष मण्याकडे जातं. आमच्या प्रयोगशाळेत मी मुलांना पहिल्यांदा सांगते ते हे, की एकाच्या वर एक पाच मणी सोडा आणि मग मण्यांकडे नाही, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघा. मणी का तरंगतो हे कळायला एक तास पुरतो. दोन मण्यांमध्ये नेमकं तेवढंच अंतर का, हे कळायला आम्हाला एक अख्खं सत्र लागलं, आणि ते सत्र माझ्या शिकवण्याच्या आयुष्यातल्या सर्वांत समाधानाच्या काळांपैकी एक आहे.

मी कोकणातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. ध्वनीचा वेग काढायला आमच्याकडे कुंटची नळी होती. आउगुस्ट कुंटने १८६६ मध्ये बारीक पूड टाकून स्थिर तरंगाचे ठसे दाखवले, त्याच पद्धतीची. पण नळीतली पूड आमच्या दमट हवेत गोळा होऊन बसायची आणि मुलं जर्नलमध्ये मागच्या वर्षीचेच आकडे उतरवायची. २०१७ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या आसिएर मार्झो, एड्रियन बार्न्स आणि ब्रूस ड्रिंकवॉटर या तिघांनी ‘टायनीलेव्ह’ नावाच्या उपकरणाचा आराखडा सर्वांसाठी खुला केला, आणि तो वाचल्यावर मला वाटलं, हे आपल्याला जमेल. त्यात महागडं काहीच नव्हतं. गाडी मागे घेताना टीं टीं करणाऱ्या सेन्सरमध्ये असतात तसे १० मिलिमीटर व्यासाचे, ४० किलोहर्ट्झचे ट्रान्सड्यूसर, एकूण ७२. समोरासमोर ठेवलेल्या दोन वाट्या, प्रत्येकीत ३६ ट्रान्सड्यूसर, आतून बाहेर ६, १२ आणि १८ अशा तीन वर्तुळांत. त्यांना नाचवायला एक आर्डुइनो नॅनो आणि छोट्या मोटारी फिरवायला वापरतात तो एल२९८एन ड्रायव्हर. काही सामान पुण्याच्या बुधवार पेठेतून आलं, काही ऑनलाइन मागवलं. वाट्या एका माजी विद्यार्थ्याने त्याच्या थ्री-डी प्रिंटरवर छापून दिल्या.

वरच्या वाटीतून लहर खाली येते, खालच्या वाटीतून वर जाते. दोन्हींची वारंवारता एकच, त्यामुळे त्या एकमेकींत मिसळल्या की पुढे सरकणारं असं काही उरत नाही. काही जागी हवेचा दाब जोरात वरखाली होत राहतो आणि काही जागी तो अजिबात बदलत नाही. न बदलणाऱ्या जागा म्हणजे दाबाचे नोड, आपले निस्पंद बिंदू. शेजारच्या दोन नोडमधलं अंतर तरंगलांबीच्या निम्मं, हे बारावीपासून सगळ्यांना पाठ असतं.

मणी नोडमध्येच का बसतो, याचं उत्तर मात्र पाठ नसतं. मुलांना वाटतं जिथे दाब जास्त तिथे मणी उचलला जात असेल. पण दाब सेकंदाला ४० हजार वेळा वाढतो तेवढ्याच वेळा कमी होतो. एका दिशेला ढकललेला मणी लगेच दुसऱ्या दिशेला ढकलला जातो आणि बेरीज शून्य होते. उरतं ते दाबाच्या वर्गाच्या सरासरीतून आणि हवेच्या वेगाच्या वर्गाच्या सरासरीतून येणारं छोटं बल. जिथे दाब जोरात बदलतो तिथून मणी बाहेर लोटला जातो. जिथे हवा सर्वांत वेगाने ये-जा करते तिकडे तो ओढला जातो. दाबाचा नोड आणि हवेच्या वेगाचा कमाल बिंदू एकाच जागी असतात, म्हणून दोन्ही परिणाम मण्याला तिथेच नेतात. हवेच्या मानाने जड आणि टणक असलेल्या छोट्या मण्यासाठी या ओढीतला तीन पंचमांश वाटा वेगाचा आणि दोन पंचमांश दाबाचा असतो. हे गणित लुई किंगने १९३४ मध्ये मांडलं आणि रशियातल्या गोरकॉव्हने १९६२ मध्ये सुटसुटीत केलं.

त्या गणितातली एक गोष्ट मला फार आवडते. हे बल मण्याच्या आकारमानाच्या प्रमाणात वाढतं आणि वजनही आकारमानाच्याच प्रमाणात वाढतं. म्हणजे मणी १ मिलिमीटरचा असो की २ चा, तो उचलायला लागणारा आवाज तेवढाच. फरक पडतो तो घनतेने. थर्माकोलच्या हलक्या मण्याला सुमारे १४० डेसिबल पुरतात, तर पाण्याच्या थेंबाला १५५ च्या पुढे जावं लागतं. मणी तरंगलांबीच्या मानाने लहान असेपर्यंतच हे खरं आहे. चार मिलिमीटरच्या वर गेलं की मणी नोडच्या जागेत मावत नाही आणि थरथरून बाहेर पडतो. आम्ही बीन बॅगमध्ये भरतात ते दाणे चाळून दोन मिलिमीटरच्या आसपासचे निवडतो.

उपकरण उभं राहिलं तरी पहिल्या दिवशी मणी तरंगत नाही, हे ज्यांना ते करायचं असेल त्यांनी गृहीत धरावं. बहुतेक वेळा कारण एकच असतं: ट्रान्सड्यूसरचे धन आणि ऋण पाय. पायाजवळच्या खुणेवर विसंबता येत नाही. एका वाटीत एक जरी ट्रान्सड्यूसर उलटा बसला, तर बाकीचे दाब वाढवत असताना तो कमी करतो आणि लहर एका बाजूला कलते. म्हणून आम्ही प्रत्येक ट्रान्सड्यूसर बसवण्याआधी तपासतो. एक ठरावीक ट्रान्सड्यूसर ऐकणारा म्हणून ऑसिलोस्कोपला जोडायचा, तपासायचा तो त्याच्यासमोर ठरावीक अंतरावर धरून वाजवायचा आणि पडद्यावरची लाट मूळ सिग्नलच्या मानाने सुलटी की उलटी ते पाहायचं. सुलट्या पायावर लाल ठिपका. अख्खी वाटीच उलटी जोडली गेली तर मात्र फारसं बिघडत नाही. नोड पाव तरंगलांबीने सरकतात, त्यांच्यामधलं अंतर तेच राहतं.

मणी सोडायला चहाची धातूची गाळणी उत्तम. तिच्या जाळीतून आवाज जवळजवळ न अडता जातो, म्हणून गाळणीत मणी घेऊन ती दोन वाट्यांच्या मध्ये नेली आणि हळूच खाली सरकवली की मणी वर तरंगत राहतो. पंखा बंद हवा. मेमध्ये आमच्याकडे ही अट पाळणं म्हणजे सगळ्यांनी घामाघूम होणं.

आता त्या सत्राची गोष्ट. एका जुलैत तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पाच मणी मधोमध एकाच्या वर एक बसवले आणि फोटो काढून अंतर मोजलं. वरच्या मण्याच्या मध्यापासून खालच्या मण्याच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर. चार फटी, म्हणजे सरासरी ४.७५ मिलिमीटर. त्याच्या दुपटीला ४० हजारांनी गुणलं की ध्वनीचा वेग येतो सेकंदाला ३८० मीटर.

खोलीत ३० अंश होते. कोरड्या हवेत या तापमानाला ध्वनीचा वेग सुमारे ३४९.५ मीटर असतो. आमच्या पावसाळी दमट हवेने त्यात अर्ध्या टक्क्याची भर पडते, म्हणून ३५१ धरू. अपेक्षित फट ४.३९ मिलिमीटर आणि आलेली ४.७५. आठ टक्के जास्त. आधीच्या वर्षांत कुणीही असा आकडा जर्नलमध्ये ठेवला नसता. या गटातल्या एका मुलीने तो ठेवला आणि मला विचारलं, “मॅडम, ३८० यायला हवा किती गरम लागेल?” आम्ही फळ्यावर काढलं. एक अंशाला वेग साधारण ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे हवा ८० अंशांची हवी. ट्रान्सड्यूसर चालून कोमट होतात हे खरं, पण मण्यांच्या जवळ धरलेल्या थर्मामीटरने ३२ च्या वर काही दाखवलं नाही. दहा अंशांचा फरक झाला असता तरी फट पाऊण दशांश मिलिमीटरहून अधिक बदलली नसती. उष्णतेचा प्रश्न तिथेच संपला.

मग वारंवारता. नॅनोमधला टायमर १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे ठोके मोजतो, आणि ठरलेला आकडा आला की आउटपुट उलटं करतो. ४० किलोहर्ट्झसाठी दर २०० ठोक्यांनी उलटं व्हायला हवं, पण मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून लिहायचं असतं ते असं:

```
OCR1A = 199;
```

अनेक ठिकाणी इथे २०० लिहिलेलं सापडतं. त्याने वारंवारता ३९.८ किलोहर्ट्झ होते, चूक फक्त अर्ध्या टक्क्याची. आमचा आकडा बरोबर होता, ऑसिलोस्कोपवरही ४० च दिसत होते. फोटोतली चूकही तपासली. मोजपट्टी मण्यांच्या मागे ठेवून मोबाइल जवळून धरला तर मणी पट्टीपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असल्याने अंतर फुगलेलं दिसतं, आणि ते आठ टक्क्यांइतकंही फुगू शकतं. म्हणून कॅमेरा दीड मीटर लांब नेऊन झूम केला, आणि मणी उतरवल्यावर स्टीलची पट्टी नेमकी त्यांच्याच रेषेत उभी करून तिचा त्याच जागेवरून फोटो काढला. आकडा १९ च राहिला.

यानंतरची शंका खरोखर चांगली होती आणि ती एका मुलाने स्वतःहून काढली. मणी नेमका नोडवर बसत नाही. नोडवर बल शून्य असतं, आणि वजन तोलायला थोडं तरी बल लागतं, म्हणून मणी नोडच्या किंचित खाली लोंबतो. आवाज जेवढा कमी, तेवढं लोंबणं जास्त. मणी पडण्याच्या अगदी काठावर असताना तो नोडखाली तरंगलांबीच्या एक अष्टमांशावर, म्हणजे सुमारे १.१ मिलिमीटरवर पोचलेला असतो. बल सर्वांत जास्त तिथे असतं. त्याखाली ते घटू लागतं आणि मणी सुटतो. पुरवठा १२ व्होल्टवरून हळूहळू खाली आणला तर मणी एकेक करून उतरताना डोळ्यांना दिसतात. मग हे लोंबणंच फट वाढवत असेल का?

सगळे मणी सारखेच लोंबले तर फट बदलणार नाही. पण वाट्यांचा रोख मध्यावर असल्याने मधला नोड सर्वांत जोरकस आणि कडेचे कमजोर असतात, म्हणून कडेचे मणी जास्त लोंबतात. सर्वांत वरचा मणी मधल्याच्या जवळ येतो, सर्वांत खालचा मधल्यापासून दूर जातो. वरच्या फटी लहान, खालच्या मोठ्या. आमच्या फोटोत हा फरक होता, पण अगदी थोडा, आणि वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतच्या एकूण अंतरात दोन्ही चुका एकमेकींना खोडतात. तरी खात्री करायची म्हणून मुलांनी पूर्ण व्होल्टेजवर अख्खं उपकरण आडवं केलं. आडव्या दिशेने धरून ठेवणारं बल बरंच कमी असतं, पण थर्माकोलला ते पुरलं. मणी आता अक्षापासून बाजूला लोंबत होते, अक्षाच्या दिशेने लोंबायला कारणच उरलं नव्हतं. पाच मण्यांचं अंतर पुन्हा १९ मिलिमीटर.

याचा अर्थ असा की नोडच खरोखर ४.७५ मिलिमीटरवर होते. तरंगलांबीच्या निम्मं अंतर हे वाक्यच इथे तपासायला हवं होतं. ते वाक्य सपाट लहरींसाठी आहे, सरळ समोरासमोर येणाऱ्या. आमच्या वाट्यांतल्या ट्रान्सड्यूसरपैकी एकाचीही लहर सरळ अक्षावरून येत नाही. सगळे कलून, मध्याकडे तोंड करून बसले आहेत. दगडी बांधावर लाट तिरपी आली की काठावर उभं राहून मोजलेलं दोन शिखरांमधलं अंतर त्या लाटेच्या खऱ्या लांबीपेक्षा मोठं भरतं, कोकणातल्या कुणालाही हे बंदरावर बघता येईल. तसंच इथे. तिरप्या लहरीची अक्षाच्या दिशेने मोजलेली लांबी जास्त असते, आणि किती जास्त ते कोनाच्या कोसाइनवर ठरतं.

मुलांनी वाटीवर कोनमापक लावला. आतल्या वर्तुळाचा अक्षाशी कोन सुमारे १० अंश, मधल्याचा १९, बाहेरच्याचा २८. कोसाइन अनुक्रमे ०.९८५, ०.९४६ आणि ०.८८३. सगळे ट्रान्सड्यूसर मध्यापासून सारख्या अंतरावर आणि सारख्या जोराचे, म्हणून सरासरी काढताना प्रत्येक वर्तुळाला त्यातल्या संख्येइतकं वजन द्यायचं: सहा, बारा, अठरा. सरासरी आली ०.९२. निम्मी तरंगलांबी ४.३९ ला ०.९२ ने भागा. उत्तर ४.७७ मिलिमीटर.

फळ्यावर तो आकडा लिहिला गेला तेव्हा वर्गात जो गलका झाला तो मी विसरणार नाही. पण आकडा जुळला म्हणून कारण सिद्ध होत नाही, आणि हे मला बोलावं लागलं नाही. ३८० हा आकडा जर्नलमध्ये ठेवणाऱ्या त्या मुलीनेच बाहेरच्या वर्तुळाची तार सोडवायला सुचवलं. बाहेरचे अठरा दोन्ही वाट्यांत बंद केले तर उरलेल्या दोन वर्तुळांची सरासरी ०.९६ होते आणि फट ४.५८ वर यायला हवी. आवाज निम्म्यावर आला, मणी बसवायला वेळ लागला, ते जरा थरथरतही होते. पण बसले. चार फटींचं अंतर १८.४ मिलिमीटर भरलं, म्हणजे ४.६. हवा तीच, वारंवारता तीच, मणी तेच; फक्त बाहेरचे तिरपे किरण गेले आणि फट आक्रसली.

यानंतर आम्ही पद्धत बदलली. वाट्यांचं उपकरण थेंब आणि मणी उचलायला अप्रतिम आहे, कारण तिरपे कोनच लहर मध्यावर एकवटतात. पण ध्वनीचा वेग मोजायचा असेल तर ते साधन नाही, निदान कोन मोजल्याशिवाय नाही. त्यासाठी आम्ही अंतर मोजण्याच्या स्वस्त एचसी-एसआर०४ मॉड्यूलमधून काढलेले दोन मोठे ट्रान्सड्यूसर समोरासमोर, चार-साडेचार सेंटिमीटरवर लावतो. एक स्क्रूवर बसवलेला असतो, तो पुढेमागे करत मणी सर्वांत घट्ट कुठे बसतो ते शोधायचं. तिथे फट ४.४७ च्या आसपास येते. अजूनही दोनेक टक्के जास्तच, कारण ट्रान्सड्यूसरचं तोंड रुंद आहे आणि त्याच्या कडेवरून येणारी लहर मण्यापाशी तिरपीच पोचते. म्हणून ट्रान्सड्यूसरच्या तोंडाजवळच्या फटी वापरायच्या नाहीत, मधल्या वापरायच्या. ट्रान्सड्यूसर जेवढे लांब नेता येतील तेवढा आकडा सुधारतो, पण लांब नेले की मणी पडतो. या दोन्हींच्या मध्ये कुठे थांबायचं ते प्रत्येक गट स्वतः ठरवतो आणि जर्नलमध्ये लिहितो.

परीक्षेला बाहेरून येणाऱ्या एका परीक्षकांनी ३८० हा आकडा लाल शाईने खोडला होता. त्या मुलीने त्यांना कोनांचा तक्ता दाखवला, वर्तुळ बंद करून घेतलेली दुसरी मोजणी दाखवली, आणि गुण मिळवले. पण किती जणांनी असा आकडा परीक्षकाआधीच स्वतः खोडला असेल!

माझी भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना विनंती आहे. हे उपकरण आता अनेक महाविद्यालयांत उभं राहतं आहे आणि प्रदर्शनात मणी तरंगवून कपाटात जातं आहे. ते कपाटातून काढा. पाच मणी बसवा, फट मोजा, वाटीचे कोन मोजा, एक वर्तुळ बंद करून पुन्हा मोजा. आणि एखाद्या मुलाचं उत्तर ३८० आलं तर त्याला ३५० कडे वळवू नका, त्याच्या हातात कोनमापक द्या.